एकच प्रसंग दोघांच्या तोंडून लिहायचा असेल तर: सोलापुरी चादरीच्या एका पट्ट्याची गोष्ट

मागच्या वर्षी एका दिवाळी अंकाला मी कथा पाठवली होती, एकच भांडण आधी सून सांगते आणि मग सासू सांगते अशी. आठ दिवसांत परत आली. संपादकांनी एकच ओळ लिहिली होती, की दोन्ही बायका तुमच्यासारख्याच बोलतात. मी जुळे सोलापूरचा, बँकेत कॅशियर, तेव्हा विचार करा त्या बायका कशा बोलत असतील. राग आला दोन दिवस, मग कथा परत वाचली आणि कळलं की माझ्या दोन्ही भागांत फरक एवढाच होता की सून म्हणते सासू वाईट आणि सासू म्हणते सून वाईट. ते काय, कुठल्याही घरात दारात उभं राहिलं तरी ऐकू येतं, त्याला कथा कशाला लिहायची.

त्यानंतर वर्षभर हेच करत बसलो, सहा-सात प्रसंग दोन-दोनदा लिहून बघितले. जे जमलं आणि जिथं आपटलो ते खाली क्रमानं लिहितोय. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलंय, नाहीतर गोंधळ होतो.

काय काय लागेल

एक वही (मोबाईलवर नको, कारण कागद शेजारी शेजारी ठेवून बघायला लागतात), दोन रंगांचे पेन, मोबाईलमधला रेकॉर्डर, आणि एक असा माणूस जो कथा-बिथा वाचत नाही पण माणसं ओळखतो. माझ्यासाठी हे काम शेजारच्या काकू करतात, त्यांचा विषय पुढं येईल.

१. प्रसंग छोटा घ्या, अगदी पंधरा मिनिटांचा

सुरुवातीला सगळे मोठं काहीतरी घेतात. लग्न मोडलं, वाटण्या झाल्या, कोणीतरी गेलं. असल्या प्रसंगात काय वाटायला पाहिजे ते आधीच ठरलेलं असतं, त्यामुळं दोघंही ठरलेलंच बोलतात. प्रसंग असा घ्या की एक जागा, पंधरा-वीस मिनिटं, आणि हातात धरता येईल अशी एक वस्तू, जी या हातातून त्या हातात जाते. वस्तू का, तर तिच्याकडं कोण कसं बघतं यातच निम्मं काम होतं.

मी घेतलेला प्रसंग असा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचा कारखाना, शनिवारची संध्याकाळ, आठवड्याचा पगार वाटायची वेळ. नरसय्या आण्णा, वय ५८, तीस वर्षं माग चालवतायत. त्यांच्या एका चादरीत आडवा पट्टा पडलाय. मालक आहे महेश, वय २८, वडील अंथरुणाला खिळल्यापासून कारखाना तोच बघतो. तो आण्णांचे दीडशे रुपये कापतो. बस एवढंच. मारामारी नाही, कोणी मरत नाही.

२. आधी पंचनामा करा

ही पायरी मी पहिल्या खेपेला गाळली होती आणि तिथंच घाण झाली. कथा लिहायच्या आधी नुसता पंचनामा लिहायचा, पोलीस लिहितात तसा. वाटलं-बिटलं काही नाही, विशेषणं नाहीत, फक्त कोण कुठं होतं, काय केलं, काय बोललं. माझा असा होता:

- शनिवार, संध्याकाळी साडेसहा. टेबलापाशी सात-आठ कामगार उभे.
- महेश चादर उघडून धरतो. मधोमध आडवा पट्टा.
- आण्णा डोळे मिटून चादरीवर तळहात फिरवतात.
- महेश म्हणतो, "दीडशे कट करतो."
- आण्णा म्हणतात, "मग चादर मीच घेतो."
- महेश चादरीचे सहाशे पण वहीत लावतो.
- आण्णा बाहेर पडतात. महेश गेटपर्यंत मागं जातो आणि सगळे पैसे त्यांच्या खिशात कोंबतो.
- आण्णा चादर खांद्यावर टाकून चालत जातात.

याच्या खाली मागच्या गोष्टी: बुधवारी कारखान्यातल्या सगळ्या ट्यूबलाइट बदलल्या. गुरुवारी दुपारी लाइट गेली. आण्णांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय आणि त्यांनी कोणालाच सांगितलेलं नाही.

आता यातल्या प्रत्येक ओळीपुढं लिहा की ही गोष्ट कोणाला माहितीय. ट्यूबलाइट दोघांना माहितीय. डोळ्यांचं फक्त आण्णांना. गेटपाशी जे झालं ते दोघांनाच, बाकी कोणाला नाही. ही नोंद नसेल ना, तर लिहिता लिहिता महेशच्या तोंडून नकळत मोतीबिंदू येऊन जातो. माझ्या सासू-सुनेच्या कथेत तसंच झालं होतं, सुनेला सासूच्या मनातलं सगळं ठाऊक होतं.

आणि पंचनामा एकदा झाला की बदलायचा नाही. फरक पाडायचाय तो सांगण्यात, घटनेत नाही. एक म्हणतो सकाळ होती आणि दुसरा म्हणतो रात्र, असं केलं की वाचणारा खरं काय ते शोधत बसतो आणि माणूस बघायचा राहून जातो.

एक आडवळण, पण गरजेचं. धंद्यातली गोष्ट घेतली तर ती नीट विचारून घ्या. चादरीत पट्टा का पडतो हे मला माहिती नव्हतं, मला वाटायचं धागा तुटला की पडत असेल. आमच्या ओळखीतल्या एका मागवाल्याला विचारलं तेव्हा कळलं की माग मध्येच थांबला की ताणा, म्हणजे उभे धागे, थोडा सैल पडतो आणि तसाच चालू केला तर त्या जागी बाण्याचे आडवे धागे एकतर दाटतात नाहीतर विरळ बसतात, म्हणून पन्हाभर आडवी रेघ दिसते. जाणता विणकर परत चालू करायच्या आधी शेवटचे काही धागे हातानं काढून टाकतो, कापड नीट जागेवर आणतो, मग बटण दाबतो. म्हणजे बघा, चूक लाइटीची असते पण ती झाकणं विणकराच्या डोळ्यावर आणि हातावर असतं. ही एक गोष्ट कळली आणि माझी कथा उलगडली, कारण तीस वर्षं हे करणाऱ्या माणसाकडून ते का राहिलं, हा प्रश्न आपोआप आला.

३. कोणाला सांगतायत ते ठरवा

माणूस हवेत बोलत नाही. तीच गोष्ट बायकोला एक सांगतो, साहेबाला दुसरी, टपरीवर तिसरी. त्यामुळं प्रत्येक भागाला एक ऐकणारा द्या आणि सांगणाऱ्याला त्याच्याकडून काय पाहिजे ते एका ओळीत लिहा. महेश रात्री वडिलांना सांगतोय, त्याला अप्पांकडून ऐकायचंय की तू कारखाना सांभाळू शकतोस. आण्णा घरी नातीला सांगतायत, दहा वर्षांची आहे, आणि त्यांना तिच्याकडून जे पाहिजे ते तुम्हाला दुसऱ्या भागात दिसेल.

ऐकणारा बदलला की काय लपवायचं तेही बदलतं, आणि आपल्याला तेच पाहिजे. दोघांनाही लपवायला काहीतरी द्या. एक खरा आणि एक खोटा असं केलं की निकाल लागून जातो, वाचणारा खऱ्याच्या बाजूनं उभा राहतो आणि दुसऱ्याकडं बघतसुद्धा नाही. नवीन लिहिणारे निम्मे तरी इथंच अडकतात, मी पण अडकलो होतो.

४. पहिला भाग लिहा

महेशचा भाग असा झाला:

"अप्पा, आज एका पिसाला कट लावला. आण्णांच्या. हो, आपलेच नरसय्या आण्णा. ते म्हणले लाइट गेली होती. पण काय करू, मागच्या महिन्यात पार्टीनं बारा चादरी परत पाठवल्यात, तुम्हाला बोललो नव्हतो. मधोमध पट्टा, दोन बोटं रुंद, आंधळ्याला पण दिसंल. लाइट काय सगळ्यांचीच जाते, बाकीच्यांच्या पिसात का नाही मग? आणि उजेडाचं म्हणावं तर बुधवारीच सगळ्या ट्यूब बदलल्यात, बिल आहे माझ्याकडं. तर मी सगळ्यांसमोर चादर उघडून धरली आणि हा डोळे मिटून हात फिरवालाय त्याच्यावर. नाटकं नुसती. मी सरळ दीडशे लिहिले वहीत. मग म्हणतो, चादर मीच घेतो. घ्या म्हटलं. सहाशे पण कापले. हो, कापले की. तुम्ही असता तर सोडून दिलं असतं, मला माहितीय, पण असं सोडून सोडूनच तर... जाऊ दे. गोळी घेतली का तुम्ही?"

यात मी मुद्दाम काय केलं ते सांगतो. सुरुवातीला महेश आण्णांना "ते म्हणले" म्हणतो. चादर उघडायची वेळ आली की "हा" होतो, "म्हणतो" होतो. आपल्या मराठीत ही सोय फुकट मिळालीय, ते आणि तो. माणूस ज्याला लहानपणापासून आण्णा म्हणत आलाय त्याच्यावर कट लावताना तोंडातनं "ते" निघत नाही, आधी त्याला "तो" करावा लागतो. महेशला हे कळत पण नसेल, पण वाचणाऱ्याला टोचतं. एकच लक्षात ठेवा, असा बदल पूर्ण भागात एकदाच करा आणि नेमक्या जागी करा. चारदा केला तर लेखकाला व्याकरण येत नाही असं वाटतं.

दुसरं म्हणजे गेट. महेश गेटचं नावसुद्धा काढत नाही. जे गाळायचं ते अर्धवट गाळू नका, "मग गेटपाशी... जाऊ दे" असलं काही लिहिलं की वाचणारा लगेच कान टवकारतो. महेश ते "जाऊ दे" दुसऱ्याच जागी म्हणतो, वडिलांवर बोट दाखवायची वेळ येते तिथं.

आणि तिसरं, हा भाग एकटा वाचला तरी पुरा वाटला पाहिजे. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की कळला महेश, नवा मालक, कडक आहे जरा.

५. दुसरा भाग लिहा, पण पहिल्याला उत्तर म्हणून नाही

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या पहिल्या खर्ड्यात आण्णा मुद्द्याला मुद्दा देत होते: महेश म्हणाला नाटकं, तर आण्णा म्हणतात मी नाटक करत नव्हतो. अहो, आण्णांना कुठं माहितीय की महेश घरी काय बोलला. दुसऱ्या माणसाची गोष्ट वेगळ्या जागी सुरू झाली पाहिजे आणि वेगळ्या जागी रेंगाळली पाहिजे. महेशच्या गोष्टीत मधला भाग पार्टी, बिल, रुपये. आण्णांच्या गोष्टीत रुपये येतात पण जाता जाता, ते रेंगाळतात मागापाशी.

"ओढू नगं गं, नवी हाय. आणली म्हंजे आणली. गुरुवारी दुपारी लाइट गेली बघ, तवा ही मागावर होती. लाइट गेली की माग हुबा राहतो, ताणा ढिला पडतो. परत चालू करायच्या आधी चार-सहा धागे हातानं काढून घ्यायचे, मग काय बी दिसत न्हाई. तीस वर्सं तेच करालोय. त्या दिवशी उजेड कमी होता, राहून गेलं. मालकाचं पोरगं ओरडलं, ओरडू दे, सगळे उभे होते म्हणून ओरडलं. चांगलंय पोरगं. गेटापाशी मागनं पळत आलं, खिशात पैसे कोंबले, दीडशे बी आन चादरीचे बी. म्हणलं, आण्णा, अप्पांना कळू देऊ नका. मी कशाला सांगू? तुला सांगालोय. आता हिकडं ये. बल्बाखाली धर ही. दिसालाय का पट्टा कुठं? ताताला दाखव बरं, बोट ठेव त्याच्यावर."

आता पहिला भाग परत वाचा. ट्यूब बुधवारी बदलल्या, लाइट गुरुवारी गेली, मग उजेड कमी कुठला? डोळे मिटून हात फिरवला ते नाटक नव्हतं. चादर विकत घेतली ती रागानं नाही, ती दुसऱ्या कोणी उजेडात धरून बघू नये म्हणून. आणि महेश, जो वडिलांपुढं कडक झाला, त्यानं लपवलं काय तर आपला चांगुलपणा. मला यात आवडतं ते हे की दोघंही खोटं बोलतात आणि दोघांचंही खोटं त्या समोरच्या ऐकणाऱ्यापुढंच खपतं. अप्पा उठून वही बघायला जाणार नाहीत, आणि दहा वर्षांच्या पोरीला ट्यूबलाइटचं बिल माहिती नाही.

हे जमलं कशामुळं, तर एकाची बारीक गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीची चावी झाली. ट्यूबलाइट महेशसाठी खर्चाचं बिल आहे, वाचणाऱ्यासाठी मोतीबिंदूचा पुरावा. दोन्ही भागांत अशा दोन चाव्या ठेवल्या तरी भरपूर झालं, इकडून तिकडं एक आणि तिकडून इकडं एक. मी आधी पाच ठेवल्या होत्या, ते कोडं झालं, काकू म्हणाल्या हे पेपरातल्या शब्दकोड्यासारखं लागतंय.

अजून एक, क्रियापदाकडं बघा. आण्णा "राहून गेलं" म्हणतात. "मी विसरलो" नाही, "मला दिसलं नाही" तर नाहीच नाही. राहून गेलं, म्हणजे करणारा गायब. आपण सगळेच असं बोलतो, कप फोडला की "कप फुटला". माणूस कुठल्या वाक्यातून स्वतःला काढून घेतो तिथं त्याची दुखरी जागा असते. उलट महेश बघा, "मी उघडून धरली", "मी लिहिले", सगळीकडं मी. ज्याला आपण मालक आहोत याची खात्री नसते तो असा बोलतो.

६. बोली बेतानं वापरा

खरं तर आण्णा नातीशी घरी तेलुगूच बोलणार, सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तसंच आहे. मी मराठीत लिहितोय म्हणून आजोबांसाठीचा एक "ताता" ठेवला, तेवढ्यानं घर कळतं. सोलापुरी "करालोय", "दिसालाय" पण मोजून. प्रत्येक शब्द वाकडा लिहिला तर वाचणारा अडखळतो, आणि वाईट म्हणजे आण्णा विनोदी वाटायला लागतात. सांगण्यातला फरक शब्दांच्या उच्चारापेक्षा वाक्याच्या लांबीत जास्त असतो. महेश कारणं देतो म्हणून त्याची वाक्यं "पण" आणि "मग" नं पुढं जातात. आण्णा कारण देत नाहीत, तुकड्या-तुकड्यांत बोलतात.

हे कान तयार व्हायला रेकॉर्डर. घरच्या कोणाला तरी कालचीच एखादी गोष्ट सांगायला लावा, विचारून रेकॉर्ड करा, आणि ऐकून शब्द न् शब्द उतरवून काढा. मी आमच्या वडिलांचं गड्ड्याच्या जत्रेतलं पाकीट हरवल्याचं रेकॉर्ड केलं, सहा मिनिटांत पाकीट फक्त शेवटच्या अर्ध्या मिनिटात येतं, बाकी सगळं पार्किंगबद्दल.

७. तपासणी

दोन्ही कागद शेजारी ठेवा. दोघांनीही सांगितलंय ते निळ्या पेननं अधोरेखित करा, एकानंच सांगितलंय ते लाल. निळं निम्म्यापेक्षा जास्त निघालं तर दुसरा भाग म्हणजे उजळणी झालीय, कापा. निळं जवळजवळ नसेलच तर त्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, वाचणाऱ्याला एकच प्रसंग आहे हे कळायला दोन-तीन खुंट्या तरी सारख्या लागतात. माझ्या खुंट्या म्हणजे गेलेली लाइट, पट्टा आणि दीडशे रुपये.

मग नावं झाकून दोन्ही भागांतली कुठलीही तीन-तीन वाक्यं मोठ्यानं वाचा. कोणाचं कुठलं ते कळत नसेल तर संपादकांनी मला लिहिलं तेच मी तुम्हाला लिहीन.

शेवटी तो माणूस, कथा न वाचणारा. काकूंना मी दोन्ही भाग वाचून दाखवले, त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारताना "आवडलं का" विचारू नका, आवडलं म्हणतातच लोक. विचारा, की या माणसाचं पुढं काय होईल. काकू म्हणाल्या, "म्हाताऱ्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं पाहिजे, पण तो जायचा नाही, मागावरनं काढतील म्हणून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि त्या पोराचा बाप लई खडूस असणार बघ."

बाप कसा आहे ते मी कुठंच लिहिलं नव्हतं, महेश तर म्हणतो अप्पांनी सोडून दिलं असतं. घरी येऊन परत वाचलं, काकूंचं बरोबर वाटायला लागलं, आणि खर्ड्याच्या शेवटी आण्णांच्या डोळ्यात पाणी येतं असं एक वाक्य होतं ते खोडून टाकलं.